डेटा बसची लाइन मधल्याच व्होल्टेजवर अडकली तर

५ व्होल्टच्या बसवर दोन-तीन 74HC245 जोडलेत आणि एखादी लाइन दोन-अडीच व्होल्ट दाखवते. ती मोकळी तरंगतेय की दोन चिप भांडताहेत, हे एका रेझिस्टरने कळतं.

१. क्लॉक थांबवा.
२. लाइनला ४.७ किलोओहम लावून दुसरं टोक आधी ५ व्होल्टला, मग ग्राउंडला टेकवा.
३. व्होल्टेज मागोमाग वरखाली गेलं, तर लाइन मोकळी आहे. जागचं हललंच नाही, तर भांडण पक्कं. मग प्रत्येक चिपची १९ नंबरची पिन मोजा, ती लो असली की चिपचं आउटपुट चालू होतं. बसवर डेटा टाकणाऱ्या चिपपैकी एका वेळी एकाचीच लो हवी.

भांडणाऱ्या चिप तापतात, म्हणून मोजमाप झटपट उरका. १९ नंबरची पिन डिकोडरला जोडलेली असताना चिप बंद करायला तिला थेट ५ व्होल्ट देऊ नका, डिकोडरचं आउटपुट जळू शकतं.