चार्जर ३३ वॅटचा, तरी फोन रेंगाळतोय? केबल बदलून बघा

बेळगावच्या खडेबाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलीत तांबं बेताचंच असतं. जाडी बहुतेक रबराचीच. डेटाच्या तारा नसतील तर चार्जर-फोनचं बोलणंच होत नाही आणि चार्जर ५ व्होल्टवरच राहतो. त्यात बारीक तारेचा रोध, जाऊन-येऊन ०.४ ओहम धरा. २ अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच जातात, फोनला उरतात ४.२. एवढ्यावर भागत नाही, म्हणून फोन स्वतःच प्रवाह कमी करतो. १ अँपिअरवर आला की हाती जेमतेम साडेचार वॅट!

बॅटरी निम्म्याखाली असताना तोच चार्जर ठेवून फोनसोबत आलेली केबल लावा. वेग वाढला तर चार्जर निर्दोष. नवी घेताना आखूड घ्या, मीटरभर पुरते.