रिलीजला एकच दिवस, मग कोणते टेस्ट चालवायचे? (माझा अनुभव)

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात बिलिंग ॲपचं रिलीज उद्यावर आलं होतं अन् पूर्ण रिग्रेशनला तीन दिवस लागतात, म्हणून आधी मागच्या रिलीजपासून बदललेल्या फायली काढल्या.

```
git diff --name-only v2.3 HEAD
```

सवलतीचं राउंडिंग करणारं कॉमन फंक्शन बदललेलं, दोनच ओळी, पण बिल, विकलेल्या मालाचं रिटर्न, जीएसटी रिपोर्ट सगळे तेच वापरतात. फुटायची शक्यता अन् फुटलं तर नुकसान, दोन्हीला 1 ते 3 मार्क देऊन गुणाकार केला, तर रिटर्न 9, प्रोफाइल स्क्रीन 1. वरचे आधी चालवले अन् अर्धवट रिटर्नमध्ये एका पैशाचा फरक सापडला, दुरुस्ती झाल्यावर तेच टेस्ट पुन्हा घेतले. सर्व्हरवर हातानं केलेले कॉन्फिगचे बदल मात्र डिफमध्ये दिसत नाहीत, ते डेव्हलपरलाच विचारा. सोडलेल्या टेस्टची यादी मॅनेजरला लेखी दिली.