गिफ्ट देताना डबा आधी देऊ नका

अ‍ॅनिव्हर्सरीला घरच्यांसमोर बायकोला गिफ्ट देणार असाल तर डबा आधी तिच्या हातात देऊ नका, दिलात की सगळे "उघड गो, उघड" सुरू करतात आणि तुमचं बोलणं कोणीच ऐकत नाही. डबा आपल्याकडेच ठेवायचा, तिच्याकडे बघून चार-पाच वाक्यं बोलायची, "आयुष्यभर साथ दिलीस" टाईप नको, एकच खरा प्रसंग घ्या जो गिफ्टशी जुळतो. मी घड्याळ दिलं तेव्हा बोललो, "माझी चोडणची फेरीबोट चुकायची तेव्हा तू रायबंदरच्या धक्क्यावर थांबायचीस. घड्याळ बंद होतं म्हणायचीस. 25 वर्षं झाली. हे चालू घड्याळ घे, पण थांबायचं सोडू नको." सासूबाई पण हसल्या. किंमत मात्र बोलू नका, आणि गळा दाटलाच तर मधलं सोडून सरळ शेवटच्या वाक्यावर या नि डबा पुढे करा.