हीटर गार हवा फेकतोय? कॉइल बदलण्याआधी या चुका टाळा

निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नाशिकमधले माळ्यावरचे हीटर खाली उतरतात आणि एक-दोन दिवसांत माझ्या टेबलावर येतात. निदान घरूनच करून आणलेलं असतं: "कॉइल गेलीये, बदलून टाका." कित्येकदा कॉइल धडधाकट असते. बिघाड दुसरीकडेच असतो आणि तो कुठे आहे, हे हीटर स्वतःच सांगत असतो. फक्त उघडण्याआधी दोन मिनिटं त्याच्याकडे नीट बघायला हवं. तेवढा धीर कुणाला नसतो.

ब्लोअरचंच घ्या. पंखा फिरतोय, हवा गार येतेय. याचा अर्थ वायर, प्लग, मेन स्विच आणि टिप-ओव्हर स्विच (हीटर कलंडला की बंद पाडणारा) यांना सोडून द्या. बहुतेक ब्लोअरमध्ये हा स्विच मेन लाइनवरच असतो. तो तुटला असता तर पंखाही फिरला नसता. तरीही पहिला स्क्रू तिथलाच काढणारे मी दर थंडीत पाहतो.

आता नॉब 1000 वॉटवर लावून बघा, मग 2000 वर. साधारणपणे आत दोन कॉइल असतात. 1000 वर एक चालते, 2000 वर दोन्ही. एका पॉइंटवर कोमट आणि दुसऱ्यावर गार असं होत असेल, तर एक कॉइल तुटलीय किंवा सिलेक्टर नॉबचा एक संपर्क जळलाय. पण दोन्ही पॉइंटवर हवा गारच असेल, तर दोन कॉइल एकाच दिवशी कशा जातील? दोघींच्या वाटेत जे सामायिक आहे तिथे बघा: थर्मोस्टॅट, कटआउट आणि थर्मल फ्यूज. थर्मोस्टॅटचा नॉब कमीवर राहिला असेल तर तो जास्तीवर फिरवा, टिक आवाज आला की काम झालं. असे हीटर मी पैसे न घेता परत देतो.

थर्मल फ्यूजबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात वाईट कारागिरी मी इथेच पाहिलीय. कॉइलजवळ पांढऱ्या स्लीव्हमध्ये लपलेली ही छोटीशी धातूची कुपी असते. तिच्यावर तापमान छापलेलं असतं. आतली उष्णता त्याच्या वर गेली की ती कायमची तुटते, पुन्हा जुळत नाही. कटआउट वेगळा. त्याची पत्ती गार झाल्यावर परत जागेवर येते, म्हणून आधी प्लग काढून हीटर अर्धा तास तसाच ठेवा आणि मग बघा.

सातपूरहून एक ब्लोअर आला होता. लक्षण हेच, पंखा चालू आणि दोन्ही पॉइंटवर गार हवा. प्लग काढून मल्टीमीटर लावला. प्रत्येक कॉइल 53 ओहमच्या आसपास, म्हणजे 230 व्होल्टला 1000 वॉटची कॉइल जेवढी असायला हवी तेवढीच. थर्मल फ्यूजवर मीटर गप्प. दुसरा कुणी असता तर तिथे तांब्याची तार पिळून पाच मिनिटांत हीटर गरम करून दिला असता. गिऱ्हाईकही खूश झालं असतं.

पण फ्यूज का उडाला? पंख्याचं पातं बोटाने फिरवलं तर ते दोन वेढेही न घेता थांबलं. वर्षभराची धूळ आणि केस बुशमध्ये जाऊन तेल सुकलं होतं. मागच्या जाळीवर धुळीची गादी साचली होती. पंखा हळू फिरत होता, कॉइलची उष्णता बाहेर पडत नव्हती, म्हणून फ्यूजने जीव दिला. तार पिळली असती तर पुढच्या वेळी प्लास्टिकची बॉडी वितळली असती. मी धूळ ब्रशने काढली, मोटरच्या दोन्ही बुशांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि पातं बोटाच्या टिचकीने भरपूर फिरतंय हे पाहिलं. मगच नवा फ्यूज बसवला, तापमान आणि अँपिअर जुन्यावर छापलेलेच. "जरा जास्त डिग्रीचा टाका, परत उडायला नको" असं सांगणाऱ्यांना मी दुसरं दुकान दाखवतो.

बसवतानाही एक चूक होते. थर्मल फ्यूजला सोल्डरिंग करू नका. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने तो तिथेच उडतो आणि सोल्डर कॉइलजवळ टिकतही नाही. धातूची क्रिंप घालून पक्कडीने दाबा, वरून उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवा.

आता रॉडवाला हीटर. एक रॉड लाल आणि दुसरा काळा असेल तर नळीत डोकावून बघा, तुटलेली कॉइल बहुधा डोळ्यांनाच दिसते. ती दिसली नाही तर त्या रॉडचा स्विच तपासा. दोन्ही रॉड एकदम काळे असतील तर रॉड विकत आणायला धावू नका. आधी हीटर उचलून बुडाशी बघा.

गंगापूर रोडवरचे एक काका असाच हीटर घेऊन आले. माझ्या टेबलावर दोन्ही रॉड लालबुंद. घरी नेला की बंद. पुन्हा आणला, पुन्हा इथे चालू. "तुमच्या दुकानात करंट जास्त आहे का हो?" असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. शेवटी त्यांच्या घरी गेलो. हीटर जाड गालिच्यावर ठेवला होता. बुडाखालचं बटण जमिनीवर दाबलं गेलं तरच सर्किट जुळतं. गालिच्यात ते बटण दबतच नव्हतं. गालिचा बाजूला केला, हीटर फरशीवर ठेवला, चालू. काका म्हणाले, "अहो, शेजारचा पोरगा तर म्हणत होता, स्विच काढून डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट केलेला एक हीटर मी उघडलाय. रात्री तो कलंडून गोधडीवर पडला होता आणि रॉड तसेच पेटलेले राहिले होते. पुढच्या जाळीला जळका कापूस चिकटलेला, आणि आत स्विचच्या दोन्ही वायरी एकत्र पिळून वर पिवळी टेप. घरातलं कुणीतरी धुराच्या वासाने जागं झालं म्हणून निभावलं. टिप-ओव्हर स्विच खरंच खराब असेल, म्हणजे बटण दाबूनही मीटर गप्प असेल, तर नवा टाका. किंमत किरकोळ असते. बटण नुसतं अडकलं असेल तर खालची धूळ साफ केली तरी भागतं.

बाकीचं थोडक्यात. तुटलेली कॉइल पीळ देऊन जोडू नका. जोड तापतो आणि तिथेच पुन्हा तुटते. 2000 वॉटचा हीटर जवळपास 9 अँपिअर खेचतो, तेव्हा 6 अँपिअरच्या बोर्डावर किंवा स्वस्त एक्स्टेंशनवर लावू नका. आणि प्लगची पिन किंवा नॉबमागचं टर्मिनल तपकिरी होऊन प्लास्टिक ठिसूळ झालं असेल, तर मी नवा पार्ट टाकत नाही, हीटर भंगारात द्यायला सांगतो.