ग्रुप फोटोत बाकावर नक्की कोणाला चढवायचं

मोठ्या ग्रुपचे फोटो काढायला लागून मला बरीच वर्षं झाली, आणि या कामात नवीन येणारा प्रत्येकजण एकच नियम पाठ करून येतो की बुटके पुढे, उंच मागे. मीही तोच घेऊन आलो होतो. दोन रांगा असतील, सपाट जमीन असेल तर नियम बरोबरच आहे, त्यात वाद नाही. पण मागे बाक आला की तोच नियम चेहरे झाकतो, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं पहिलं मोठं काम 58 जणांच्या बॅचचं होतं. चार रांगा करायच्या होत्या, सगळ्यात पुढे जमिनीवर मांडी घालून 14 जण, त्यांच्यामागे खुर्च्यांवर 13, त्यामागे जमिनीवर उभे 16 आणि सगळ्यात मागे बाकांवर उभे 15. मी उभ्या लोकांमधले बुटके खुर्च्यांमागे लावले आणि उंच सगळे बाकावर चढवले. तिथे बघताना छान वाटलं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडला तर खुर्च्यांमागच्या रांगेतल्या चार ताईंची हनुवटी समोर बसलेल्यांच्या डोक्यामागे गेलेली, आणि त्या रांगेच्या वर, बाकावरच्या लोकांची नुसती पोटं आणि शर्टाची बटणं यांचा एक रुंद पट्टा, मग कुठेतरी वर त्यांचे चेहरे. त्या चौघी फोटो बघितल्यावर काही बोलल्या नाहीत, पण आपला चेहरा अर्धाच आलाय हे त्यांना कळलं होतं, आणि मला ते अजून लागतं. वर्षातून एकदा निघणारा फोटो, परत काढता येत नाही.

मग मी बसून आकडे मांडले, आणि तुम्हीही एकदा मांडा, एकदम सोपं आहे. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मोठ्या माणसाचं अंतर साधारण 22 सेंटीमीटर. म्हणजे मागच्याचा पूर्ण चेहरा दिसायचा असेल तर त्याची हनुवटी पुढच्याच्या डोक्याच्या वर हवी. बघायचं एवढंच आहे. माणूस किती उंच आहे हा प्रश्न नाही, त्याची हनुवटी जमिनीपासून किती उंचीवर येते हा प्रश्न आहे.

आता खुर्ची. बैठक साधारण 45 सेंटीमीटरवर, त्यावर माणूस ताठ बसला की आणखी 85, म्हणजे डोकं 130 ला, आणि धड लांब असलेला कोणी असेल तर 137 पर्यंत जातं. तिच्यामागे 152 उंचीच्या ताई उभ्या राहिल्या तर त्यांची हनुवटी येते 130 ला. म्हणजे समोर कोणी लांब धडाचे काका बसले की हनुवटी गेलीच. हाच तो माझा फोटो. आणि बाकावर? बाकही साधारण 45 चा. 168 चा माणूस त्यावर चढला की त्याची हनुवटी 191 ला, आणि पुढे उभ्या ताईंचं डोकं 152 ला, मधे 39 सेंटीमीटरची मोकळी जागा, म्हणजे पोटांचा पट्टा. खाली जागा कमी पडतेय आणि वर वाया जातेय.

उलटं करा. उंच लोक खुर्च्यांमागे जमिनीवर, बुटके बाकावर. 168 च्या माणसाची हनुवटी जमिनीवर उभं राहूनही 146 ला, त्यामुळे समोर कितीही लांब धडाचा बसला तरी अडचण नाही. त्याच्यामागे बाकावर 152 च्या ताई, 152 अधिक 45 वजा 22, हनुवटी 175 ला. पुढच्याचं डोकं 168 ला. सात सेंटीमीटर मोकळे. पूर्ण चेहरा दिसतो आणि चेहऱ्यांच्या रांगा एकमेकींच्या जवळ बसतात, पट्टा दिसत नाही. पहिल्यांदा हे करायला सांगितलं तेव्हा लोकांना विचित्र वाटलं, सहा फुटी माणूस विचारायला लागला की मी मागे जायला नको का. सांगायचं, नाही दादा, तुम्ही इथेच हवे आहात.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. बाकावरची रांग आणि पुढची रांग सारख्या क्रमाने लावायची. पुढच्या रांगेत सगळ्यात उंच मधोमध असेल तर बाकावरही बाकावाल्यांतला सगळ्यात उंच मधोमध. समजा पुढे मधे 182 चा आहे आणि त्याच्यामागे 166 चा, तर 166 अधिक 45 वजा 22, म्हणजे 189, परत सात मोकळे. पण त्या 182 च्या मागे 152 च्या ताई आल्या तर हनुवटी 175 ला, म्हणजे चेहऱ्याचा खालचा तिसरा हिस्सा गेला. जोडी चुकली की सगळं चुकतं.

आणि हे उलटं लावणं कुठे चालत नाही तेही सांगतो. पुढच्या-मागच्या जोडीतला उंचीचा फरक आणि 22, यांची बेरीज बाकाच्या उंचीपेक्षा कमी हवी. आमच्या जोड्यांमधे फरक 16 होता, बेरीज 38, बाक 45, जमलं. बाकाऐवजी 25 चा लाकडी प्लॅटफॉर्म मिळाला तर नाही जमणार, तिथे मग जुनाच नियम, उंच मागे, आणि खुर्च्यांमागे आलेल्या बुटक्यांना दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत उभं करायचं, खुर्च्या थोड्या सुट्या ठेवून. पायऱ्यांवर फोटो असेल तर एक पायरी साधारण 15 ची असते, ती एका चेहऱ्याला पुरत नाही, त्यामुळे पायऱ्या भरपूर असतील तर एकाआड एक पायरी सोडून उभं करा, 30 मिळतात आणि मग उंचीची फार चिंता राहत नाही. म्हणून मी जागेवर गेलो की कॅमेरा बॅगेतून काढायच्या आधी टेप काढतो आणि बाक मोजतो.

आता प्रत्यक्ष लोकांना कसं लावायचं. कोणाला उंची विचारू नका, लोक आठवणीतला आकडा सांगतात आणि पायात काय घातलंय ते त्यात धरलेलं नसतं. आधी 13 खुर्चीवाले बाजूला काढा, ते बहुतेक ठरलेले असतात, आणि ज्यांना उभं राहणं अवघड आहे तेही इथेच. मग जमिनीवर बसणारे 14. इथे उंची बघायची गरजच नाही, मांडी घातलेल्याचं डोकं 85-90 ला असतं आणि मागे खुर्चीवाल्याची हनुवटी 108 ला, भरपूर जागा आहे. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांना बसवा. लहान दिसतात म्हणून बुटक्यांनाच खाली बसवायची सवय असते, ती सोडा, ते तुम्हाला बाकावर हवे आहेत.

उरले 31. त्यांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उंचीप्रमाणे उभं करायचं, सगळ्यात उंच एका टोकाला, आणि शंका आली की दोघांना पाठीला पाठ लावून बघायचं. दोन-तीन मिनिटांत होतं. उंच टोकाकडून पहिले 16 जमिनीवर, उरलेले 15 बाकावर. मग सोळातला पहिला मधे, दुसरा त्याच्या डावीकडे, तिसरा उजवीकडे, असं एकाआड एक. बाकावरही तसंच. 16 आणि 15 हा आकडा मुद्दाम आहे बरं का, सोळा डोक्यांमधे पंधरा फटी पडतात आणि बाकावरचा प्रत्येकजण एका फटीत येतो. दोन्ही रांगांत सारखी संख्या ठेवली की एका टोकाचा माणूस हमखास कोणाच्या तरी बरोबर मागे जातो. जोडीतले सात सेंटीमीटर आणि फट, असं दुहेरी संरक्षण लागतं कारण लोक हलतात, मान तिरकी करतात, कोणाचा अंबाडा उंच असतो, कोणाची टोपी.

बाकांचं जपून करा. दीड मीटरच्या बाकावर तिघेच, पाच बाक, आणि बाकाच्या टोकाला, पायांच्या बाहेर निघालेल्या भागावर कोणी उभं राहायचं नाही, तिथे वजन पडलं की बाक उलटतो. उंच टाचांच्या चपला खाली काढून ठेवायच्या, फोटोत त्या दिसणारच नाहीत. बाकावाले सगळ्यात शेवटी चढतील आणि फोटो झाला की सगळ्यात आधी उतरतील.

कॅमेऱ्याबद्दल थोडंच. नवीन लोक म्हणतात मी स्टुलावर चढतो, वरून घेतला की सगळे दिसतील. थोडा फायदा होतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. नऊ मीटरवरून काढताना, रांगांमधे 60 सेंटीमीटर अंतर असेल आणि तुम्ही कॅमेरा अर्धा मीटर वर नेला तर मागच्या रांगेचा जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर भाग जास्त दिसतो. बुडालेली हनुवटी त्यात वर येत नाही. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढलात तर वेगळी गोष्ट. आमची रुंदी साडेसात मीटर होती, फुलफ्रेमवर 35 ची लेन्स नऊ मीटरवरून बरोबर बसते, f/8 ठेवून खुर्चीच्या रांगेवर फोकस केला की चारही रांगा शार्प येतात. वाइड लेन्स घेऊन जवळ जाऊ नका, टोकाचे चेहरे ताणले जातात.

तपासणी मात्र दोनदा. आधी सगळ्यांना सांगतो, एक डोळा मिटा, मग दुसरा, दोन्ही वेळा लेन्स दिसली पाहिजे, ज्याला दिसत नाही त्याने हात वर करा. यात डोळे कळतात, हनुवटी कळत नाही, आणि माझ्या त्या चार ताईंना लेन्स नीट दिसतच होती. म्हणून एक टेस्ट शॉट काढून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून एकेका रांगेतून डावीकडून उजवीकडे फक्त हनुवट्या बघत जातो. एक मिनिट लागतं. कोणाची अडकली असेल तर त्यालाच सांगायचं, काका अर्धं पाऊल डावीकडे, पूर्ण रांगेला सरका म्हणून सांगितलं की सगळ्या फटी बिघडतात. मग लगेच शूट, कारण तीन-चार मिनिटांनी लोक सैल होतात, रांग टोकांना पसरते आणि फटी आपोआप सरकतात. 58 जणांत कोणाचा तरी डोळा मिटलेला असणारच म्हणून मी दहा-बारा फ्रेम घेतो, आणि मधे पाचव्या-सहाव्या फ्रेमला थांबून परत एकदा बाकापुढच्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या हनुवट्या बघून घेतो, बिघडायला सुरुवात तिथूनच होते.