गाण्याआधी गोष्ट : ‘हिरकणी’ बसवण्याची तयारी

कॉलेजच्या समूहनृत्याच्या पहिल्या मीटिंगला कोणीतरी फोन काढून ‘हे गाणं ऐका ना’ म्हणणारच. तो फोन आधी खिशात ठेवायला लावा. गाणी आधी ठरली की गोष्ट गाण्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते आणि स्टेजवर दिसतो तो मेडलीच. त्याऐवजी एका कागदावर गोष्ट फक्त क्रियापदांत लिहा. हिरकणीची दंतकथा घेतली तर सहा क्रियापदं पुरतात. ती दूध घेऊन रायगड चढते, बाजारात विकते, सूर्यास्ताला बंद झालेल्या दरवाजाशी अडते, कडा उतरते, तान्ह्यापाशी पोचते, आणि सकाळी दाराबाहेर पुन्हा उभी राहते. ‘घाबरते’ किंवा ‘तिला बाळाची आठवण येते’ असं काही कागदावर आलं तर खोडा. नाचून दाखवायला हालचाल लागते, आणि ‘आठवण येते’ लिहिलं की मुली कपाळाला हात लावून उभ्या राहतात.

मग वेळ वाटून घ्या. मिनिटाला ९६ ठोके ही लय धरा, कारण त्या लयीत आठ ठोक्यांचा एक आठ बरोबर ५ सेकंदांचा होतो आणि हिशेब तोंडी करता येतो. सहा मिनिटांचे ७२ आठ. आमची वाटणी अशी होती : चढण ८, बाजार १४, दरवाजा १२, कडा २४, घर ६, सकाळ ८. कड्याला पूर्ण तिसरा हिस्सा दिलाय, कारण लोक बघायला बसतात ते त्यासाठी. पहिल्या कच्च्या वाटणीत बाजारानेच २६ आठ खाल्ले होते. बाजार बसवायला सोपा आणि मजेचा असतो, म्हणून तो फुगतो. वाटणी कागदावर नसेल तर ते कळतं शेवटच्या आठवड्यात.

माणसं चौदा धरा. एक हिरकणी, दोघी झोळीशी, उरलेली अकरा म्हणजे बाजार, दरवाजा आणि कडा सगळंच. बाळ म्हणून बाहुली आणू नका. एका वर्षी आमची बाहुली हातातून निसटली, डोकं एकीकडे गेलं, आणि पुढची दोन मिनिटं हॉल हसत होता. त्याऐवजी जुन्या साडीची झोळी करा. दोघी ती दोन टोकांना धरून स्टेजच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात पहिल्या ठोक्यापासून हलवत राहतील, चार ठोक्यांना एक झोका. बाजार रंगात असताना लोक झोळी विसरतात. दरवाजा बंद होतो तेव्हा झोका दोन ठोक्यांवर आणा. कड्याच्या मध्यावर तो एकदम थांबवा. रडण्याचा आवाज लावायची गरज उरत नाही.

आता मुख्य काम, बाजाराचा दरवाजा कसा होतो ते ठरवणं. दिवे घालवून अंधारात जागा बदलणं हा आळशी उपाय आहे. अंधारात पायांचा धडधडाट ऐकू येतो आणि गोष्ट तुटते. दुधासाठी पुढे आलेले हातच अडसर होऊ द्या. दहा जण पाच-पाचच्या दोन रांगांत उभे, मधून हिरकणी चरवी घेऊन फिरतेय, प्रत्येक जण हात पुढे करून दूध घेतोय. मग तेच पसरलेले हात खाली येत नाहीत. रांगा दर ठोक्याला वीतभर आत सरकतात, समोरासमोरचे पंजे मनगटात अडकतात, चेहरे प्रेक्षकांकडून वळतात. अकरावा पहारेकरी. तो काहीच करत नाही, फक्त पाठ फिरवतो. हे चार आठांत बसतं, आणि तालमीत सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्या.

कड्यासाठी मार्ग तिरका ठेवा : मागच्या उजव्या कोपऱ्यातून झोळीपर्यंत. स्टेजवरची सगळ्यात लांब रेघ तीच. आठ-आठ आठांचे तीन टप्पे करा आणि प्रत्येकात संकट वेगळं द्या. पहिल्यात पाय निसटतो, दुसऱ्यात ती दोघांच्या हातांना लोंबकळते, तिसऱ्यात काटेरी झुडपांसारखी बोटं तिचा पदर धरतात. टप्पा संपला की कडा कोसळून लोळत पुढे येतो आणि पुन्हा उभा राहतो. पहिल्या टप्प्याला मागे अडीच फुटांचं, न डुगडुगणारं टेबल आणि त्याच्यापुढे चौघं उभी. ती तिथून एकाच्या वाकलेल्या मांडीवर, मग ओणव्या झालेल्याच्या पाठीवर, मग जमिनीवर. ओणव्याचे तळहात खांद्यांच्या बरोबर खाली आणि गुडघे कमरेच्या खाली जमिनीला टेकलेले असू द्या. पाय ठेवायचा तो कमरेच्या हाडावर, मांडीच्या रेषेत; पाठीच्या मध्यावर कधीच नाही. पहिले काही दिवस खाली जिमखान्याच्या गाद्या आणि बाजूला धरायला दोन मोकळी माणसं. ओणवा झालेला ‘उतर’ म्हणाला की तालीम थांबते, काउंट कितीही असो.

जमिनीवर लोळून केलेलं काम जपून वापरा. कॉलेजच्या हॉलमध्ये खुर्च्या सपाटीला असतात, तिसऱ्या रांगेच्या मागे कोणाला गुडघ्याखालचं दिसत नाही. स्वतः मागच्या खुर्चीत बसून बघा. महत्त्वाचं सगळं कमरेच्या वर हवं.

एवढं बसल्यावर आवाज. बाजाराला हलगी, दरवाजाला फक्त पायांचे ठोके, कड्याला जवळजवळ काहीच नाही. घुंगरू चौदापैकी एकट्या हिरकणीच्या पायात बांधा. मग कड्यावर ती माणसांच्या मागे दिसेनाशी झाली तरी कुठे आहे ते ऐकू येतं.

संगीत जोडण्याआधी एक चाचणी मात्र घ्या. महाराष्ट्रात सगळ्यांना ही गोष्ट पाठ असते, त्यामुळे तुमच्या नाचात नसलेलंही मित्रांना दिसतं. होस्टेलवरच्या परप्रांतीय मुलाला बोलवा, नुसत्या मोजणीवर नाच दाखवा आणि काय झालं ते विचारा. आमच्या पाहुण्याने सांगितलं, ‘बाईला मारून गावाबाहेर काढलं.’ कारण दरवाजा बंद होताना पहारेकऱ्याने तिला ढकललं होतं. ढकलणं काढलं, गोष्ट सरळ झाली.

प्रकाशवाल्याला वेळ देऊ नका, खूण द्या : ‘पहारेकरी पाठ फिरवतो, तेव्हा पिवळा घालव.’ त्याच्याकडे निळा असेल तर कड्याला मंदच ठेवा. गोष्टीतली रात्र कोजागिरीची, चंद्र उगवतो पूर्वेला आणि हिरकणी बुरूज गडाच्या पश्चिम टोकाला, तेव्हा संध्याकाळी तो कडा सावलीतच असणार.

शेवटी महाराजांना स्टेजवर आणायचा मोह होईल. आणू नका. जिरेटोप दिसला की टाळ्या-शिट्ट्या सुरू होतात आणि हिरकणी बाजूला पडते. सकाळचे आठ आठ असे ठेवा : दरवाजा उघडतो, पहारेकरी वळतो, समोर ती चरवी घेऊन उभी. तो तिच्याकडे बघतो, मग कड्याकडे बघतो. दिवे.

जागांना नावं न देता एक ते चौदा आकडे द्या आणि दोन राखीव जणांना प्रत्येकी तीन आकडे शिकवा. प्रॅक्टिकलच्या तारखा कोणाला विचारून पडत नाहीत. नऊवारीचा काष्टा तालमीच्या दुसऱ्या आठवड्यापासून नेसूनच करा, आणि कड्यात धरायचा पदर आधीच खांद्याशी मोठ्या पिनेने पक्का करा. आदल्या रात्री पिशवीत सेफ्टी पिना, जादा घुंगरांची पट्टी, खाली दोरा बांधलेली चुंबळ, जमिनीवर खुणेसाठी चिकटपट्टी, आणि चरवीत कोंबायला फडकं, नाहीतर ती पडली की सगळा कडा तिच्याकडे बघतो.