बोअर पाडला की ताण दुप्पट: फिरणाऱ्या डिस्कचा हिशेब

गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून वेर्ण्यात डिझाइनच्या कामाला लागलेल्या मुलांना मी आधी फिरणाऱ्या डिस्कचं गणित हाताने सोडवायला लावतो. भोक लहान तर फरकही लहान, असं बहुतेकांना वाटत असतं. इथे तसं होत नाही.

५०० मिमी व्यासाची, सगळीकडे सारख्या जाडीची स्टीलची डिस्क ६००० आरपीएमने फिरते आहे असं धरा. ती भरीव असेल तर मध्यावर सुमारे ८० मेगापास्कल ताण येतो, त्रिज्येच्या दिशेचा रेडियल आणि परिघाच्या दिशेचा हूप दोन्ही तेवढेच. आता मध्ये ५० मिमीचा बोअर पाडा. बोअरच्या कडेला हूप ताण १६० होतो. बोअर फक्त ५ मिमीचा केलात तरी १६०च! वस्तुमान दहा हजारांतला एक भाग कमी झालं आणि ताण दुप्पट.

कारण समजून घ्या. भरीव डिस्कच्या मध्यावर धातू सगळ्या दिशांनी सारखाच ओढला जातो. भोक पडलं की त्या मोकळ्या पृष्ठभागावर रेडियल ताण शून्य व्हावाच लागतो, कारण तिथे ओढून धरायला धातूच नाही. तो सगळा भार भोकाला वळसा घालून जातो आणि हूप ताण दुप्पट होतो. डिस्क फार जाड असेल तर जाडीच्या मध्यावर हाच आकडा १६६च्या आसपास जातो; सूत्रात पॉयसन गुणोत्तर `ν` च्या जागी `ν/(1-ν)` घातलं की तो मिळतो.

संगणकावर हे तपासताना डिस्कचे लहान तुकडे पाडणारी जाळी बोअरजवळ विरळ राहिली, तर १६०ऐवजी १२०-१३० दिसतात आणि डिझाइन सुरक्षित वाटतं. अशा वेळी बोअरवरचा रेडियल ताण बघा. तो शून्याच्या जवळ नसेल तर हूपच्या आकड्यावरही विश्वास ठेवू नका, जाळी बारीक करा. कीवे, म्हणजे चावीची खाच, असेल तर त्याच्या कोपऱ्यात ताण आणखी चढतो, तो वेगळा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे, आणि ती ताणाच्या रंगीत चित्रात दिसत नाही. १६० मेगापास्कलला ५० मिमीचा बोअर व्यासात सुमारे ४० मायक्रॉन मोठा होतो. शाफ्ट मात्र जवळपास तेवढाच राहतो. `H7/s6` हे घट्ट फिट दिलं असेल तर या मापाला पकड, म्हणजे शाफ्ट बोअरपेक्षा जितका जाड तेवढी, १८ ते ५९ मायक्रॉन मिळते. म्हणजे जॉब कमी पकडीच्या बाजूला निघाला, तर थांबलेला असताना हातोड्यानेही न हलणारी डिस्क पूर्ण वेगात शाफ्टवर सैल असते. मशीन थांबवून उघडलं की पुन्हा घट्ट! वेग चढल्यावर कंपनं वाढतात आणि बॅलन्सिंग करूनही जात नाहीत, अशी तक्रार आली की आधी हे ४० मायक्रॉन आठवा. फिट वाढवून पकड टिकवता येते, पण त्या दाबाचा हूप ताण याच १६०वर चढतो. म्हणून स्वीडिश इंजिनिअर द लाव्हालने आपल्या मोठ्या वेगवान टर्बाइनच्या डिस्कला मध्ये भोकच ठेवलं नाही. शाफ्ट दोन्ही बाजूंनी फ्लँजने जोडला.